जखमी खलाशाला घरी पाठवताना: चीफ ऑफिसरचा एक मेल

आजचा भाग एका मेलबद्दल आहे. जहाजावर कुणी जखमी झालं, बंदरातल्या डॉक्टरांनी सांगितलं की हा माणूस आता काम करू शकत नाही, याला घरी पाठवा, की मग जहाजावरून कंपनीला एक मेल जातो. त्याला मायदेशी पाठवायची व्यवस्था करा, असं सांगणारा. आमच्या भाषेत मेडिकल रिपॅट्रिएशनची विनंती. बऱ्याच जहाजांवर औषधपाण्याची जबाबदारी चीफ ऑफिसर किंवा सेकंड ऑफिसरकडे असते. आमच्याकडे ती माझ्याकडे होती, त्यामुळे मेलही मीच लिहिला.

तुमच्यातले काही जण कॅडेट आहेत, काहींचे बाबा किंवा भाऊ बोटीवर आहेत. म्हणून हे सांगतोय. कारण या मेलमधल्या दोन-तीन शब्दांवर त्या माणसाचं विमानाचं तिकीट, ऑपरेशनचा खर्च आणि घरी बसल्यावरचा पगार, हे सगळं अवलंबून असतं. आणि ते शब्द कोणते, हे त्याला स्वतःला बहुतेक वेळा माहीतच नसतं.

आधी गोष्ट सांगतो. जहाज बल्क कॅरिअर. ब्राझीलमधून सोयाबीन भरून, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून आम्ही सिंगापूरकडे निघालो होतो, पुढे चीन. डेकवर एक एबी होते, कोकणातले, माझ्यापेक्षा वयानं मोठे. अख्खं जहाज त्यांना मामा म्हणायचं, मीही. मंगळवारी सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी मामा बोसन स्टोअरच्या उभ्या शिडीवरून उतरत होते. जहाज डुलत होतं, पाय निसटला आणि ते साधारण दोन मीटर खाली आले. उजवा पाय वाकडा पडला. डोक्याला काही लागलं नाही, शुद्ध गेली नाही. पण घोटा बघता बघता टम्म सुजला आणि पाय टेकवता येईना.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. त्या क्षणी मी काय लिहू शकतो? "घोटा मोडला" असं लिहू शकत नाही. माझ्याकडे एक्स-रे नाही. मी डॉक्टर नाही, माझ्याकडे मेडिकल केअरचा कोर्स आहे आणि कपाटभर औषधं आहेत. मी लिहू शकतो ते एवढंच: काय झालं, काय दिसतंय, आम्ही काय केलं. म्हणून अर्ध्या तासात पहिला मेल गेला तो चार ओळींचा होता. कोण, कधी, कुठे, सध्या कसा आहे. त्यात घरी पाठवण्याचा विषयच नव्हता.

त्याच वेळी कॅप्टन साहेबांनी रोमच्या सीआयआरएमशी संपर्क साधला. समुद्रावरच्या जहाजांना दुरून वैद्यकीय सल्ला देणारी ही संस्था १९३५ पासून काम करतेय आणि सल्ल्याचे पैसे घेत नाही. तिथल्या डॉक्टरांना आम्ही फोटो पाठवले. त्यांनी सांगितलं, पायाला खपाची घाला, पाय उशीवर उंच ठेवा, कापडात गुंडाळून बर्फ लावा, वेदनाशामक एवढ्या-एवढ्या वेळानं द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दर काही तासांनी बोटं तपासा. गरम आहेत ना, रंग ठीक आहे ना, स्पर्श कळतोय ना. फ्रॅक्चरची शक्यता आहे, लवकर एक्स-रे काढा.

सगळ्यात जवळचं योग्य बंदर होतं मॉरिशसचं पोर्ट लुई. अंतर साधारण ६०० सागरी मैल. साडेबारा नॉटचा वेग धरला तर ४८ तास. इतक्या लांब हेलिकॉप्टर येत नाही, आणि जिवाला धोकाही नव्हता. कॅप्टननी जहाज तिकडे वळवलं. गुरुवारी सकाळी आम्ही पोर्ट लुईच्या बाहेर नांगर टाकला. मामांना स्ट्रेचरला बांधून गँगवेनं एजंटच्या लाँचमध्ये उतरवलं.

दुपारी हॉस्पिटलमधून रिपोर्ट आला. घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडली होती. ऑपरेशन लागणार, पण इतक्या सुजेवर लगेच करता येणार नाही. सूज उतरायला आठवडा-दहा दिवस जातील, आणि ते ऑपरेशन घरी गेल्यावर केलं तरी चालेल. तोवर प्लास्टर. जहाजावरच्या कामासाठी अपात्र. प्रवासासाठी पात्र, पण अटींसह.

हा रिपोर्ट हातात आल्यावरच दुसरा मेल लिहायचा असतो. कारण घरी पाठवण्याचा निर्णय दोन वेगवेगळ्या वैद्यकीय प्रश्नांवर उभा असतो. एक, हा माणूस काम करू शकतो का? दोन, हा माणूस प्रवास करू शकतो का? पहिल्याचं उत्तर "नाही" आणि दुसऱ्याचं "हो" असेल तरच तिकीट काढायचं. दुसऱ्याचंही उत्तर "नाही" असेल, तर तो तिथल्याच हॉस्पिटलमध्ये राहतो आणि प्रवास करण्याइतका बरा होईपर्यंतचा उपचार कंपनीच्या खर्चानं होतो. दोन्ही उत्तरं डॉक्टरांची हवीत. माझीही नाहीत, ऑफिसचीही नाहीत.

आता मेल. मूळ मेल अर्थातच इंग्रजीत होता, तुमच्यासाठी मराठीत सांगतो. कॅप्टननी वाचून हो म्हटल्यावर तो गेला. वेळ गुरुवारी संध्याकाळी जहाजाच्या घड्याळात सहा, म्हणजे मुंबईत साडेसात.

"विषय: वैद्यकीय कारणास्तव मायदेशी पाठवण्याची विनंती. एबी, उजवा घोटा फ्रॅक्चर. जहाज उद्या शुक्रवारी ०६०० वाजता निघणार.

१. पोर्ट लुई येथील डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार वरील एबींना वैद्यकीय कारणास्तव साइन ऑफ करून पोर्ट लुईहून मुंबईला पाठवण्याची व्यवस्था करावी, ही विनंती. ते जहाजावर परत येणार नाहीत.

२. घटना: मंगळवारी जहाजाच्या वेळेनुसार १०४० वाजता (०६४० यूटीसी), ड्युटीवर असताना, बोसन स्टोअरच्या शिडीवरून उतरताना सुमारे दोन मीटर खाली पडले. डोक्याला इजा नाही, शुद्ध हरपली नाही.

३. जहाजावरील उपचार: सीआयआरएमच्या सल्ल्यानुसार. दिलेल्या औषधांची वेळेसह नोंद सोबत.

४. डॉक्टरांचं मत, रिपोर्टमधील शब्दांत: उजव्या घोट्याच्या दोन्ही बाजूंना फ्रॅक्चर. सूज उतरल्यावर ऑपरेशन आवश्यक. समुद्रावरील कामासाठी अपात्र. प्लास्टर घातल्यापासून ४८ तासांनंतर विमानप्रवासास पात्र. पायावर वजन टाकू नये.

५. प्रवासात लागणाऱ्या गोष्टी: थेट विमान. व्हीलचेअर, जिने चढता येत नाहीत (WCHS). पाय पुढे पसरता येईल अशी जागा. प्लास्टर उभं चिरलेलं आहे. सोबत माणसाची गरज नाही, असं डॉक्टरांचं मत. विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म डॉक्टर भरून देण्यास तयार आहेत, एजंटमार्फत पाठवावा.

६. मुंबई: विमानतळावर कुणी घ्यायला येणार आणि कोणत्या हॉस्पिटलमध्ये दाखल करणार ते कळवावं. घर विमानतळापासून सात-आठ तासांवर आहे, आधी घरी नेऊन चालणार नाही.

७. पासपोर्ट, सीडीसी, सर्टिफिकेटं, कराराची प्रत आणि सामान रात्री शेवटच्या लाँचनं एजंटकडे जाईल. यादी सोबत.

८. आज रात्री २२०० पर्यंत, म्हणजे भारतीय वेळ २३३०, दोन गोष्टी कळवाव्यात: हॉस्पिटल आणि मुक्कामाच्या खर्चाची हमी एजंटला दिली का, आणि बदली एबी सिंगापूरला येणार का."

बस, एवढाच मेल. "कृपया घाई करा", "परिस्थिती फार गंभीर आहे" असलं काही नाही. आता यातल्या काही जागा उलगडून सांगतो.

पहिली जागा म्हणजे "ड्युटीवर असताना" हे दोन शब्द. मर्चंट नेव्हीत एमएलसी नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६. तो २०१३ मध्ये लागू झाला, भारतानं २०१५ मध्ये मान्य केला आणि पुढच्या वर्षी तो आपल्याकडे अमलात आला. त्यानुसार कामावर जखमी झालेल्या खलाशाचा उपचार आणि घरी जायचा खर्च जहाजमालकाचा. घरी पोचेपर्यंत पूर्ण पगार. घरी पोचल्यावर पूर्ण किंवा काही प्रमाणात, कायदा आणि करारात लिहिलं असेल तसं. मालकाची ही जबाबदारी कायद्यानं मर्यादित करता येते, पण १६ आठवड्यांपेक्षा कमी नाही. आणि हे १६ आठवडे, म्हणजे ११२ दिवस, मोजायला सुरुवात होते इजा झाली त्या दिवसापासून. म्हणून तारीख आणि वेळ मेलमध्ये हवीच.

याला काही अपवाद आहेत. इजा जहाजाच्या सेवेत असताना झालेली नसेल, किंवा माणसानं जाणूनबुजून गैरवर्तन केलं असेल, तर मालक जबाबदारी नाकारू शकतो. म्हणून मेलमध्ये कारणांची चर्चा करायची नाही. "बहुतेक लक्ष नव्हतं", "घाईत होता वाटतं" असली वाक्यं बोलताना सहज तोंडातून जातात. पण मी तिथे उभा नव्हतो. ते माझं मत, माहिती नाही. अपघाताची चौकशी वेगळी होते, तिचा रिपोर्ट वेगळा असतो. त्यात शिडी, बूट, उजेड, समुद्राची स्थिती, सगळं येतं. घरी पाठवायच्या मेलमध्ये सहज घुसलेलं एक "बहुतेक" पुढे सहा महिन्यांनी कुणीतरी फाइलमधून बाहेर काढू शकतं.

दुसरी जागा म्हणजे ते WCHS. ऐकायला क्षुल्लक वाटेल. पण तिकिटावर नुसतं "व्हीलचेअर" लिहायला सांगितलं, तर बुकिंग करणारा सहसा WCHR टाकून मोकळा होतो. त्याचा अर्थ असा की या प्रवाशाला लांब चालता येत नाही, पण जिना चढता येतो. विमान धक्क्यापासून लांब उभं असेल आणि बसनं जायचं असेल, तर मोडलेला पाय घेऊन माणूस विमानाच्या शिडीखाली उभा राहतो. WCHS म्हणजे जिना चढता येत नाही, पण आत सीटपर्यंत कसंबसं जाता येतं. WCHC म्हणजे सीटपर्यंतही उचलून न्यावं लागतं. मामा कुबड्यांवर चार पावलं टाकू शकत होते, म्हणून मधला कोड. तोही डॉक्टरांना विचारून.

प्लास्टरचंही तसंच. ताजं, पूर्ण बंद प्लास्टर घालून लगेच विमानात बसवत नाहीत. वर गेल्यावर पाय आणखी सुजतो, प्लास्टर काही ताणलं जात नाही, आणि आतल्या आत रक्तपुरवठा दाबला जातो. म्हणून पहिल्या ४८ तासांत प्रवास असेल तर ते उभं चिरून ठेवतात. आमच्या डॉक्टरांनी ४८ तास थांबायलाही सांगितलं आणि चिरूनही दिलं. दुसरी भीती रक्ताच्या गुठळीची. पाय बांधलेला, तासन् तास बसून प्रवास, अशा वेळी पोटरीत गुठळी होऊ शकते. त्यासाठी डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं होतं. थेट विमान मागायचं कारणही हेच. मॉरिशसहून मुंबईला थेट विमान आहे, सहा तासांच्या आसपास लागतात. ते रोज असतंच असं नाही, त्यामुळे दुबईवरून तिकीट काढायचा मोह होतो. पण मग प्रवास दुप्पट, आणि मध्ये अनोळखी विमानतळावर व्हीलचेअरची वाट बघत बसायचं.

तिसरी जागा, मेल कुणाकुणाला गेला. क्रू विभाग आणि कॅप्टन, एवढंच. रोजच्या मेलमध्ये आमच्याकडे चार्टरर, एजंट, टेक्निकल विभाग असे दहा-बारा पत्ते असतात. त्या सगळ्यांना जहाज पोर्ट लुईला का थांबलं एवढं कळणं पुरे. माणसाचा मेडिकल रिपोर्ट गोपनीय असतो, तो फक्त उपचारासाठी वापरायचा, हे एमएलसीतच लिहिलंय. एजंटला मी फक्त कागदपत्रं, सामान आणि व्हीलचेअरची माहिती वेगळ्या मेलनं पाठवली.

मेल गेल्यावर पाऊण तासात ऑफिसमधून कॅप्टनना फोन आला. प्रश्न असा होता: "त्यांना जहाजावरच ठेवून सिंगापूरला उतरवता येईल का? केबिनमध्ये आराम करतील. हलकं काम देता येईल." पोर्ट लुई ते सिंगापूर दहा-अकरा दिवस. ऑफिसच्या बाजूनं बघितलं तर प्रश्न चुकीचा नव्हता. तिकडे बदली माणूस मिळणं सोपं, एकाच एजंटकडून दोन्ही कामं होतात.

गंमत म्हणजे मामांचंही तेच म्हणणं होतं. मी हॉस्पिटलमध्ये एजंटच्या फोनवर त्यांच्याशी बोललो. म्हणाले, "साहेब, मी ऱ्हातो ना बोटीवर. बसून रंगाचे डबे मोजेन, गॅलीत बटाटे सोलेन. चार महिने बाकी आहेत अजून. घरी गेलो की पगार थांबला."

म्हटलं, "मामा, पगार असा थांबत नाही. घरी पोचेपर्यंत पूर्ण. त्यानंतर करारात लिहिलंय तसा. तुमच्या कराराची प्रत सामानात वरच ठेवतोय, तेरावं कलम लेकीला वाचायला सांगा."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि ऑपरेशन?"

"तेही कंपनीचं. म्हणूनच थेट हॉस्पिटलात जायचंय, आधी गावाला नाही."

ऑफिसला आम्ही उत्तर दिलं ते तीन वाक्यांचं. एक: डॉक्टरांनी समुद्रावरील कामासाठी अपात्र असं लिहिलंय, हलकं काम हेही कामच. दोन: पायावर वजन टाकता येत नाही, म्हणजे आग लागली किंवा जहाज सोडायची वेळ आली तर हा माणूस स्वतःच्या पायांनी लाइफबोटीपर्यंत जाऊ शकत नाही, आणि त्याला न्यायला दोन माणसं अडकतात. तीन: वाटेत पाय बिघडला तर पुढचे कित्येक दिवस जवळ बंदर नाही. यात दुसरं वाक्य सगळ्यात वजनाचं. डोळ्यांसमोर आणा, रात्री दोनला अलार्म वाजतोय, जहाज डुलतंय, केबिनपासून बोट डेकपर्यंत दोन उभे जिने. हे कागदावर आलं की हलक्या कामाची चर्चा पुढे जात नाही. तशी ती गेलीही नाही.

अर्थात आमचा एक माणूस कमी झाला तर जहाज निघू शकतं का, हेही बघावं लागतं. प्रत्येक जहाजाला किमान किती आणि कोणत्या दर्जाची माणसं हवीत, याचं प्रमाणपत्र असतं. आमच्याकडे एबी चार होते, कागदावर तीन लागत होते. म्हणून निघू शकलो. तीनच असते तर बदली माणूस येईपर्यंत, किंवा जहाजाचा झेंडा ज्या देशाचा आहे त्यांची परवानगी येईपर्यंत, थांबावं लागलं असतं.

रात्री साडेनऊला उत्तर आलं. हमी दिली, रविवारचं थेट विमान, मुंबईत गाडी आणि हॉस्पिटल ठरलं, बदली एबी सिंगापूरला. छान. सोबत साइन ऑफचा फॉर्म होता, सही करून परत पाठवायला. सगळं भरलेलं. आणि "साइन ऑफचं कारण" या रकान्यात लिहिलं होतं: "स्वतःच्या विनंतीवरून".

मंडळी, आजच्या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे, म्हणून सावकाश सांगतो. स्वतःच्या विनंतीवरून म्हणजे करार संपायच्या आधी मला घरी जायचंय, असं खलाशानं म्हणणं. बहीणभावाचं लग्न, घरात अडचण, काहीही. अशा वेळी अनेक करारांत परतीचं तिकीट, कधी बदली माणसाचं तिकीटही, खलाशाच्या पगारातून कापलं जाऊ शकतं. आणि आजारपणाचा पगार? तो माणूस आजारी म्हणून गेलाच नाही, मग कसला पगार? म्हणजे पाय मोडलेल्या माणसानं त्या कागदावर सही केली असती, तर त्याच्याच सहीनं सिद्ध झालं असतं की तो आपल्या मर्जीनं घरी गेला.

हे कुणी मुद्दाम केलं असं माझं म्हणणं नाही. आधीच्या कुणाच्या तरी फॉर्मवर नाव बदलून पाठवला असेल. रात्री उशिरा असं होतं. पण कागदाला हेतू कळत नाही, कागदावर फक्त शब्द राहतो. मी एका ओळीचा मेल केला: "रकाना सहामध्ये 'वैद्यकीय कारणास्तव, कामावर झालेली इजा' असं हवं, सोबत डॉक्टरांचा रिपोर्ट, दुरुस्त फॉर्म पाठवावा." वीस मिनिटांत दुरुस्त फॉर्म आला. वाद नाही, चढा आवाज नाही. पण तो रकाना मागे कुणी वाचलाच नसता तर? हॉस्पिटलमध्ये गुंगीत पडलेल्या माणसासमोर एजंटचा मुलगा कागद धरतो, "इथे सही करा काका," आणि काका करतात.

म्हणून मी माझ्या मेलमध्ये पहिल्याच परिच्छेदात "वैद्यकीय कारणास्तव" हे शब्द लिहिले होते, आणि विषयातही. नंतरचा कुठलाही कागद त्याच्याशी जुळला नाही, तर फरक लगेच दिसतो.

रात्री बोसन आणि मी मामांची केबिन आवरली. हे काम दोन माणसांनीच करायचं असतं. एकेक वस्तू लिहायची, दोघांनी सह्या करायच्या, यादीची एक प्रत बॅगेत, एक जहाजावर. घरी पाठवताना ३० किलोपर्यंतच्या सामानाचा खर्च मालकानं करावा, असं एमएलसीच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. मामांचं सामान २६ किलो भरलं. साइन ऑफच्या तारखेपर्यंतचा पगाराचा हिशेब, एक्स-रेची सीडी, औषधांची यादी, सगळं हातातल्या बॅगेत. मोठ्या बॅगेत नाही, कारण ती हरवली की मुंबईचा डॉक्टर पुन्हा शून्यापासून सुरू करणार.

आणि एक चिठ्ठी, मराठीत. रिपोर्ट इंग्रजीत होता, मामांना तो वाचून काही उपयोग नव्हता. चिठ्ठीत चार ओळी होत्या. बोटं थंड किंवा निळी पडली, किंवा प्लास्टरच्या आत ठणका वाढतच गेला, तर लगेच सांगा. पोटरी दुखायला लागली, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर लगेच सांगा. पाय खाली टेकवू नका. न वाचता सही करू नका, लेकीला फोनवर वाचून दाखवा.

शुक्रवारी सकाळी सहाला आम्ही नांगर उचलला. रविवारी मामा मुंबईला पोचले, थेट हॉस्पिटलमध्ये. सूज उतरल्यावर ऑपरेशन झालं, प्लेट आणि स्क्रू बसले. पुढे कित्येक आठवडे पायावर वजन नाही. परत जहाजावर जायचं तर डीजी शिपिंगच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडून नव्यानं फिटनेस घ्यावा लागेल, ते अजून व्हायचंय. घोटा पूर्वीसारखा होईल की नाही हे कुणी लिहून देत नाही. पण तोवरचा उपचार आणि करारातला पगार यासाठी त्यांना कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही.

जाता जाता, घरी बसून ऐकणाऱ्यांसाठी. तुमच्या माणसाचा बोटीवरून फोन आला, "लागलंय, घरी पाठवतायत", तर कसा आहेस विचारून झाल्यावर तीन गोष्टी विचारा. डॉक्टरांनी प्रवासाला पात्र असं लिहून दिलंय का? साइन ऑफच्या कागदावर कारण काय लिहिलंय? आणि मुंबईत, गोव्यात, कुठे उतरणार असेल तिथे, कोणत्या हॉस्पिटलात जायचंय? त्या कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवून घ्या, सही व्हायच्या आधी. घरी आल्यावर कंपनीच्या डॉक्टरकडे किती दिवसांत हजर व्हायचं, हेही करारात बघा. मुदत चुकली तर त्यावरूनही वाद होतात.

कॅडेट मंडळींनी एक करा. तुमच्या जहाजावर हा फॉर्म कुठल्या फाइलमध्ये आहे ते आजच शोधा आणि कारणाचा रकाना कितवा आहे ते बघून ठेवा. आमच्याकडे सहावा होता.

प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटूया.